हवालदार उजवीकडे का वळतो?

४ फेब्रुवारी

ताई,

खुशाली विचारत नाही. सव्वीस वर्षांत विचारली नाही आणि आज एकदम विचारली तर तूच म्हणशील, हिला काहीतरी हवंय. हवंच आहे. पत्ता आत्याकडून घेतला, तिच्यावर चिडू नकोस. ती आधी अर्धा तास नाही नाही म्हणत होती.

काम एवढंच. आपल्या बाजारात, चौकातल्या भोंग्याच्या खोलीपाशी आल्यावर टोपल्यांची गल्ली डाव्या हाताला होती की उजव्या?

हसू नकोस. मी गंभीरपणे विचारतेय. तुला आत्याकडून कळलंच असेल की मी रहस्यकथा लिहिते. वर्षाला दोन. आता सतरावी चालू आहे. तिच्यात एक पाठलाग आहे: एक माणूस कागदांचं पाकीट घेऊन पळतो, मागे एक जाडा हवालदार, आणि मध्ये गजबजलेला बाजार. मी आपलाच बाजार वापरला. दुसरा कुठला मला येतो? पण प्रकरण परत आलं. आमच्या संपादक बाई हिरव्या पेन्सिलने लिहितात आणि मोजकंच लिहितात. या खेपेला मात्र समासात जागा उरली नाही. ‘पान ४ वर टोपल्या डावीकडे. पान ६ वर उजवीकडे. बाजार फिरता आहे का?’ त्याखाली, ‘अचानक हा शब्द नऊ वेळा.’ आणि शेवटी, ‘माणूस पळतोय आणि वाचक जागच्या जागी उभा आहे.’

हे शेवटचं मला लागलं. सोळा पुस्तकं लिहिल्यावर हे ऐकावं लागतं.

जाऊन बघून यावं म्हटलं तर बाजार राहिलेला नाही. तो पाडून तिथे गाड्या उभ्या करायची चार मजली इमारत बांधलीय. बाबांना विचारलं. ते माझ्याकडेच असतात, हे तुला माहीत असेल. त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘तिकडे.’ त्यांचं तिकडे म्हणजे न्हाणीघर होतं.

तेव्हा तूच राहिलीस. पोस्टकार्डावर ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी
शेपूट

११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, पण पोस्टमन दिसला की खिडकीपाशी काहीतरी काम निघायचं.

मी टेबलावर बाजार मांडलाय. काडेपेट्या म्हणजे दुकानं, दोऱ्याचं रीळ म्हणजे भोंग्याची खोली, लाल बटण पळणारा आणि काळं बटण हवालदार. बाईंनी फोनवर सांगितलं की आधी नकाशा पक्का कर, चार खुणा ठरव, आणि माणूस पळायला लागण्यापूर्वीच त्या वाचकाला दाखवून ठेव. एखाद्या शांत प्रकरणात, खरेदीच्या निमित्ताने. कारण एकदा पळापळ सुरू झाली की वर्णनाला थांबता येत नाही. वाचकाने ‘टोपल्या’ हा शब्द वाचला की त्याचं त्यालाच कळायला हवं, आता चौक आला.

माझ्या चार खुणा अशा. पुढच्या दारापाशी बाबांचं धार लावायचं चाक. तिथून सरळ मोठी गल्ली. गल्लीच्या शेवटी चौक, चौकात पाच पायऱ्यांवर चारी बाजूंनी काचा असलेली भोंग्याची खोली, जिच्यात बसून मी हरवलेली माणसं आणि सापडलेल्या छत्र्या पुकारायचे. चौकातून तीन वाटा: समोर भांड्यांची गल्ली, जी गोदामाच्या भिंतीवर जाऊन संपते. एका बाजूला कापडाची, ती स्टेशनाकडे निघते. दुसऱ्या बाजूला टोपल्यांची, ती मागच्या फाटकातून बसच्या थांब्याकडे.

मी तीनदा मांडलं आणि तीन वेगळे बाजार झाले. डोळे मिटले की टोपल्या स्वच्छ डावीकडे दिसतात. लाल बटण हातात घेऊन पुढच्या दारातून निघाले की त्या उजवीकडे जातात. काल तर चिडून सगळ्या काडेपेट्या गोळा केल्या, आणि मग गॅस पेटवायला काडी कुठल्या दुकानात आहे तेही सापडेना.

बाईंचं दुसरं म्हणणं गर्दीबद्दल. माझा माणूस गर्दीतून ‘वाऱ्यासारखा’ जात होता. बाईंनी विचारलं, कधी गर्दीत पळून बघितलंय का? बघितलं. परवा भाजी घ्यायला गेले तेव्हा, या वयात. पळता येतच नाही. खांदा आधी घालावा लागतो, पिशवी पोटाशी घ्यावी लागते, आणि माणसांकडे न बघता माणसांच्या मधल्या फटींकडे बघावं लागतं. एक गोष्ट मात्र कळली. हातगाडी आली की गर्दी आपोआप फाटते आणि गाडीमागे दहा पावलं मोकळी राहते. त्या दहा पावलांत जो शिरला तो सुटला. मागून येणाऱ्याच्या वाट्याला मिटलेली गर्दी येते. म्हणजे एकच गाडी एकाला वाट देते आणि दुसऱ्याची अडवते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, हेच हवं, अडथळा असा हवा की त्यानंतर दोघांमधलं अंतर बदललेलं असलं पाहिजे. नाहीतर ती नुसती सजावट.

बर्फवाल्याची गाडी आठवते ना? तूही तिच्याच मागे शिरली होतीस. हे मी लिहिणार नव्हते. असू दे आता.

शेपूट

२० फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ फूटपट्टी ठेवून काढल्यासारखी. बस दुरुस्त करणाऱ्या बाईचं अक्षर असं असेल असं कुणाला वाटणार नाही.

तू लिहिलंस: ‘तू पुढच्या दाराकडे तोंड करून बसायचीस. तुझं डावं ते पळणाऱ्याचं उजवं. टोपल्या उजवीकडे.’

इतकं साधं. मी सतरा वर्षांची असल्यापासून तीन वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून बाजार उलटा पाहिला, आणि तोच डोक्यात राहिला. प्रकरण लिहिताना निम्मा वेळ मी माणसाच्या पायांत होते आणि निम्मा वेळ वर, भोंग्यापाशी. म्हणून टोपल्या फिरत होत्या. बाईंना कळवलं तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: ‘वरून सगळं दिसतं, म्हणून वरून धाप लागत नाही. खाली उतरा.’

उतरले. आता ते असं आहे, तूच बघ:

‘गाडी वळली. तो तिच्या मागे शिरला. डावीकडे चाळण्या, उजवीकडे कुलपं, पुढे बर्फाचं पाणी गळतंय. दहा दुकानं मागे शिट्टी वाजली. मग बारा. कुलपं संपली, म्हणजे चौक. भोंग्याची काच उन्हात चमकली. समोर भिंत आहे हे त्याला माहीत होतं. तो उजवीकडे वाकला, टांगलेल्या टोपल्यांच्या खाली, आणि वेताचा वास नाकात गेला.’

अंतर दुकानांत मोजलंय. पावलांत मोजलं तर वाचकाला काही दिसत नाही. वाक्यं आखूड, पण सगळीच आखूड ठेवली तर तीही एकसुरी होतात, म्हणून टोपल्यांपाशी एक लांब घेतलं. तिथे तो वाकतो आणि पहिल्यांदाच त्याला श्वास घेता येतो. ‘अचानक’ एकदाही नाही.

तुझ्या कार्डाची दुसरी ओळही वाचली. ‘मी टोपल्यांमधून मागे वळून बघितलं. बाबा चौकात थांबले, तुझ्याकडे बघितलं आणि उजवीकडे वळले. तू दाखवलंस.’

तुला सव्वीस वर्षांनी हे एवढंच लिहावंसं वाटलं?

मी दाखवलं नाही. एक हात माइकच्या बटणावर होता आणि दुसऱ्या हातात हरवलेल्या छत्रीचा कागद. तो कागद मी वाचतच होते, निळी छत्री, मोडकी मूठ. बाजारातल्या कुणालाही विचार, असं म्हटलं असतं, पण आता कुणाला विचारणार? मी बोट उचललं नाही. मी तेव्हाही हेच सांगत होते आणि तू जेवणाच्या पाटावरून उठून जायचीस. वर्षभर एका खोलीत झोपून तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि मग सकाळी उठले तर तुझी गादी गुंडाळलेली.

तुझी मोटार-मेकॅनिकच्या शाळेतली जागा गेली, हे माझ्यामुळे नाही झालं. बाबांनी पेटीत दाबून ठेवलेले तुझे प्रवेशाचे कागद तू उचललेस, ते मागे धावले, फाटकात पोती उतरत होती, तिथे त्यांनी तुला गाठलं, बस सुटली. यात मी कुठे येते?

२ मार्च

ताई,

मागचं पत्र रागात टाकलं. परत मागता आलं असतं तर मागितलं असतं.

प्रकरण पुन्हा परत आलंय. आता एकच हिरवी ओळ आहे, पण ती मला पुरून उरलीय. ‘चौकात हवालदार उजवीकडे का वळतो?’

बाईंचं म्हणणं बरोबर आहे. लाल बटण टोपल्यांखाली वाकलं, पुढे दुकानांच्या मागच्या बोळात शिरलं. काळं बटण बारा दुकानं मागे. चौकात पोचेस्तोवर गर्दी मिटलेली. त्याच्या नजरेच्या उंचीवर टोपल्याच टोपल्या. त्याला लाल बटण दिसूच शकत नाही. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघितलं. नाहीच दिसत. मग तीन वाटांमधून तो हीच का धरतो? बाई म्हणतात, पळणारा कुठेही वळू शकतो, तो घाबरलेला असतो. पाठलाग करणाऱ्याच्या प्रत्येक वळणाला मात्र कारण लागतं, आणि ते वाचकाला दिसावं लागतं. नाहीतर लेखकाने त्याला धरून वळवलं असं होतं.

मी सगळं करून पाहिलं. एक टोपली पाडली. पण मग पळणारा मूर्ख ठरतो, आणि वाकून जाण्यातली सगळी मजा जाते. टोपलीवाल्याला ओरडायला लावलं. पण त्या कोलाहलात बाराव्या दुकानापर्यंत कोण ऐकणार? ओल्या पावलांचे ठसे काढले, बर्फाच्या पाण्याचे. बाईंनी त्याखाली लिहिलं, ‘चौकात रोज पाणी सांडतं.’ हवालदाराला नशिबाने वळवलं, तर त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.

शेवटी म्हटलं, खरं काय झालं होतं? बाबा का वळले? ते तर स्टेशनाकडे जायला हवे होते. तू त्यांच्यासमोर आठवडाभर गाडीच्या वेळा विचारत होतीस, मुद्दाम, हे मला माहीत होतं. तू बसने जाणार हे फक्त मला माहीत होतं.

माझं डोकं चालेनासं झालंय. मी दाखवलं नाही. तू वळून पाहिलंस ते खोटं नाही. ते वळले हेही खरं. या तिन्ही गोष्टी एका टेबलावर मावत नाहीत.

३ मार्च

ताई,

आज सकाळी बाबांना विचारलं. ते गच्चीत बसून सुरी घासत होते. आता चाक नाही, पण दगड आहे, आणि घरातल्या चारही सुऱ्यांना ते रोज धार लावतात. आम्हाला टोमॅटो कापायलाही भीती वाटते. ऐकू कमी येतं, म्हणून मी कानाशी वाकून विचारलं की त्या दिवशी चौकात तुम्ही टोपल्यांच्या बाजूला का वळलात, ताई तुम्हाला दिसली होती का.

मला वाटलं, ते नेहमीसारखं तिकडे म्हणून न्हाणीघर दाखवतील. त्यांनी सुरी खाली ठेवली.

‘ती कुठली दिसायला? मी स्टेशनाकडेच निघालो होतो.’

‘मग?’

‘वर तुझ्याकडे बघितलं. तू काचेला नाक लावून तिकडे बघत होतीस. तुझी मान हळूहळू फिरत होती, ती जाईल तशी. मी तुझी मान बघत बघत गेलो.’

मी विचारलं की मी हात केला होता का. ते म्हणाले, ‘हात कशाला करशील? तू छत्रीचं पुकारत होतीस.’ आणि पुन्हा सुरी उचलली. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सव्वीस वर्षांत त्यांनी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी सगळ्यांना माझ्या हातांबद्दलच सांगत राहिले.

मी आत येऊन रिळावर एक टाचणी खोचली, माझी म्हणून. तिथून लाल बटण दिसतं. टोपल्यांच्या छपरावरून, बोळातून, थेट फाटकापर्यंत. आणि चौकातल्या काळ्या बटणाला टाचणी दिसते. मी चारदा मांडलं. चारही वेळा तसंच आलं.

हे तुला लगेच लिहायला हवं म्हणून लिहितेय. काय वाटतंय ते सांगता येत नाही. वाईट वाटतंय हे नक्की, बाकी सगळा गुंता आहे. मी खोटं बोलत नव्हते आणि तू बरोबर होतीस.

९ मार्च

ताई,

प्रकरण मंजूर झालं. हवालदार चौकात थांबतो, धापा टाकतो, कापडाच्या गल्लीकडे एक पाऊल टाकतो. मग वर बघतो. काचेमागे पुकारणारी मुलगी आहे. ती त्याच्याकडे बघत नाही. तिची मान वळतेय. तो तिच्या मानेमागून वळतो. बाईंनी हिरव्या पेन्सिलने फक्त बरोबरची खूण केली, आणि कडेला लिहिलं, ‘आता मी बाजारात वाट चुकणार नाही.’

त्याआधी मी दुसराही शेवट लिहिला होता. त्यात मुलगी हवालदाराला खाली बघते आणि चटकन मान फिरवून स्टेशनाकडे बघत राहते, आणि तो तिकडे धावतो. पळणाऱ्याला बस मिळते. लिहायला सोपा गेला, आणि वाचकाला आवडलाही असता. पण तो मी बाईंना पाठवला नाही. लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती आल्यावर पाठवता येईना.

ती मुलगी मान फिरवते, कारण हवालदार आपल्याकडे बघतोय हे तिला माहीत असतं. मग मी स्वतःला विचारलं, तुला माहीत होतं का?

ताई, बाजारात काही हरवलं की प्रत्येक जण भोंग्याकडे बघायचा. माझं कामच ते होतं. तीन वर्षं रोज माणसं चौकात येऊन वर बघायची, आणि मला काचेतून ती दिसायची. त्या दिवशी बाबांचा पांढरा शर्ट चौकात आला आणि थांबला. तो मला दिसला. डोळ्याच्या कोपऱ्यातून, पण दिसला. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं, असं लिहिणार होते, पण ते खरं आहे की नाही तेच आता कळत नाही.

तू फाटकापाशी पोत्यांत अडकलीस आणि मी तुझ्याकडे बघत राहिले. तुला बस मिळावी म्हणून जीव टांगणीला लागला होता म्हणून बघत होते का? असेल. छत्रीचं वाचता वाचता भान राहिलं नाही का? तेही असेल. माझ्या गोष्टीतल्या हवालदाराला मी वळायचं कारण शोधून दिलं. मी मान दुसरीकडे का वळवली नाही, याचं एक कारण मला आठवडाभर सापडत नाहीये, कारण दोन-तीन सापडतात आणि प्रत्येक वेळी वेगळं खरं वाटतं.

मान मात्र फिरवता आली असती. वेळ होता. बाबा चौकात चांगले पाच-सहा श्वास थांबले होते.

तू आदल्या दिवशी मला म्हणाली होतीस, मी गेले की खोली तुझ्या एकटीची होईल, मजा कर. मी हसले होते. मला खोली नको होती, ताई. तू जावंस असं मला वाटत नव्हतं.